कार्यशाळेचा प्रस्ताव : आधी उद्दिष्ट, मग आकडा

चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर. यांपैकी कुठल्याही औद्योगिक वसाहतीतून स्वतंत्र प्रशिक्षकाला येणारा फोन बहुधा असाच असतो : ‘सर, आमच्या सुपरवायझर लोकांसाठी एक दिवसाचं लीडरशिप ट्रेनिंग करायचंय. चाळीसेक जण होतील. या आठवड्यात मॅनेजमेंटपुढे ठेवायचंय, तेवढं कोटेशन पाठवून द्या ना.’ फोन एचआर हेडचा असतो आणि त्यांची घाईही खरी असते. मग प्रशिक्षक संध्याकाळी जुनी फाइल उघडतो, कंपनीचं नाव बदलतो, ‘नेतृत्वगुणांचा विकास, संवादकौशल्य, संघभावना’ अशी उद्दिष्टं लिहितो, खाली एका दिवसाचा दर टाकतो आणि मेल करून मोकळा होतो.

हा प्रस्ताव तशाच आणखी दोन-तीन प्रस्तावांच्या शेजारी जाऊन पडतो. सगळ्यांची उद्दिष्टं सारखी, विषयांची यादी सारखी, चहा-जेवणाच्या वेळाही सारख्या. वेगळा असतो तो फक्त आकडा, त्यामुळे निवडही आकड्यावर होते. त्यात एचआर हेडचा दोष नाही. तुलना करण्याजोगं दुसरं काही त्या कागदावर नसतंच.

प्रस्तावात उद्दिष्टं, आशय, कालावधी आणि मानधन असे चार भाग असतात. हे चार वेगळे रकाने आहेत असं समजून भरले की कागद पोकळ होतो. उद्दिष्ट नेमकं लिहिलं तर काय शिकवायचं ते त्यातून ठरतं, त्याला किती तास लागतील ते आशयावरून ठरतं आणि पैसे त्या तासांवरून ठरतात. हे कसं घडतं ते पाहण्यासाठी वाहनांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना नमुना म्हणून घेऊ आणि त्याचा प्रस्ताव सुरुवातीपासून शेवटपर्यंत लिहून पाहू. यातले आकडे हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत.

फोनवरच्या चार प्रश्नांपासून सुरुवात

कोटेशन मागणाऱ्या एचआर हेडना प्रशिक्षकाने आधी विचारावं : ‘मॅडम, पाठवतोच. पण हे ट्रेनिंग आत्ताच का करावंसं वाटलं?’ उत्तर सहसा दुसऱ्या वाक्यात येतं. ‘अहो, असेंब्ली लाइनवर नवीन मुलं खूप आलीत. पहिल्या महिन्यात रिजेक्शन फार होतं. प्लँट हेड म्हणतात, सुपरवायझर लक्षच देत नाहीत.’ मग पुढचे प्रश्न. रिजेक्शन कोणत्या कामात होतं? सगळ्या शिफ्टमध्ये सारखंच होतं का? नव्या मुलाला काम कोण शिकवतं आणि किती वेळ? शेवटच्या प्रश्नावर मॅडम थोडं थांबतात आणि म्हणतात, ‘तसं ठरलेलं नाही. जुन्या ऑपरेटरशेजारी उभं करतात.’

इथे विषय बदलला. मागणी ‘लीडरशिप’ची होती, पण अडचण नव्या माणसाला काम शिकवण्याची आहे. तरीही लगेच प्रस्ताव लिहायला बसू नये. शॉपफ्लोअरवर निदान दोन दिवस, वेगवेगळ्या शिफ्टमध्ये, उभं राहून पाहावं लागतं. अमेरिकेतले प्रशिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप यांनी १९७० मध्ये या पाहणीसाठी एक कसोटी मांडली. माणसाला अगदी करायचंच असेल, तर हे काम त्याला करता येईल का? ‘नाही’ असं उत्तर आलं तर कौशल्याची उणीव आहे आणि प्रशिक्षणाचा उपयोग होईल. ‘येईल, पण तो करत नाही’ असं उत्तर आलं तर कारण अवजारांत, नियमांत, कामाच्या ताणात किंवा पगारात शोधावं लागतं. तिथे कार्यशाळा घेऊन काही साधत नाही.

आपल्या नमुन्यातल्या कारखान्यात पाहणीत दोन गोष्टी दिसल्या असं धरू. पंपाच्या जोडणीत रबराची ओ-रिंग बसवताना ती कापली जाते किंवा पिळली जाते. हे नव्या मुलांच्या हातून जास्त होतं, कारण प्रत्येक जुना ऑपरेटर त्यांना आपापल्या पद्धतीने दाखवतो. दुसऱ्या एका स्टेशनवर मात्र जुन्या-नव्या सगळ्यांचेच भाग सारखे नापास होतात, कारण तिथलं फिक्स्चर झिजलेलं आहे. प्रामाणिक प्रस्तावात हे दोन्ही लिहिलेलं असतं. पहिल्यासाठी प्रशिक्षण, दुसऱ्यासाठी मेंटेनन्स. फिक्स्चरचा दोष प्रशिक्षणाने जाणार नाही, हे आधीच लिहून ठेवलं तर तीन महिन्यांनी त्याच रिजेक्शनचं खापर कार्यशाळेवर फुटत नाही.

उद्दिष्ट : कोण, कशाच्या मदतीने, किती नीट

मेगर यांनी १९६२ मध्ये उद्दिष्टं लिहिण्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यांच्या मते उपयोगी उद्दिष्टात तीन गोष्टी असाव्यात : शिकलेला माणूस काय करून दाखवेल, कोणत्या परिस्थितीत करेल आणि किती चांगलं केलं म्हणजे जमलं असं मानायचं. ‘सुपरवायझरांना प्रशिक्षणाचं महत्त्व समजेल’ या वाक्यात तिन्हींपैकी एकही नाही. ‘समजेल’, ‘जाणीव होईल’, ‘दृष्टिकोन बदलेल’ ही क्रियापदं उद्दिष्टात आली की पुढे मोजायला काही उरत नाही.

आपल्या कारखान्यासाठी उद्दिष्ट असं लिहिता येईल : ‘कार्यशाळेनंतर प्रत्येक सुपरवायझर आपल्या लाइनवरच्या एका कामाचा तक्ता स्वतः तयार करेल आणि तो हातात घेऊन नव्या ऑपरेटरला चार टप्प्यांत काम शिकवेल. शिकवून झाल्यावर ऑपरेटर ते काम, महत्त्वाचे मुद्दे तोंडाने सांगत, सलग तीन वेळा बिनचूक करून दाखवेल.’ यात माणूस, साधन आणि कसोटी तिन्ही आली. शिवाय हे लाइनवर उभं राहून कुणालाही तपासता येतं. एचआर हेड प्लँट हेडसमोर बसतील तेव्हा त्यांच्या हातात असं एखादं वाक्य असावं लागतं.

याच उद्दिष्टाखाली आणखी एक ओळ हवी : या कामातलं रिजेक्शन कमी होणं अपेक्षित आहे, पण त्याची टक्केवारी प्रशिक्षक हमी म्हणून देत नाही. रबराचा माल, मशीनची अवस्था, कामगारांची ये-जा यांवरही ते अवलंबून असतं आणि त्यांतलं काहीच प्रशिक्षकाच्या हातात नसतं. ‘रिजेक्शन ३० टक्क्यांनी घटवू’ असं लिहून काम मिळवता येतं, पण पुढच्या वर्षी त्या कंपनीचा फोन येत नाही.

आशय : एक गाठ आणि एक तक्ता

असं उद्दिष्ट लिहिलं की विषयांची यादी आपोआप आटते. या कामासाठी एक सिद्ध पद्धत उपलब्ध आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० ते १९४५ दरम्यान, अमेरिकी सरकारने कारखान्यांसाठी ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा उपक्रम चालवला. अनुभवी कामगार सैन्यात गेलेले आणि कारखान्यांत हजारोंनी नवखी माणसं आलेली, अशी तेव्हाची स्थिती होती. त्यात सुपरवायझरांना काम शिकवायची पद्धत शिकवली जाई. टप्पे चारच : शिकणाऱ्याची तयारी करून घेणं, काम करून दाखवणं, त्याच्याकडून करवून घेणं आणि नंतर पाठपुरावा करणं. युद्धानंतर ही पद्धत जपानात गेली आणि टोयोटासारख्या कंपन्यांनी ती आपल्या रोजच्या कामात मुरवली.

पहिल्या सत्रातलं प्रात्यक्षिक या पद्धतीत ठरलेलं असतं. दोन पदरी वायरची एक गाठ असते. दिव्याच्या होल्डरमध्ये वायर ओढली गेली तरी जोडणीवर ताण येऊ नये म्हणून इलेक्ट्रिशियन ती मारतात. प्रशिक्षक एका सुपरवायझरला पुढे बोलावतो आणि ही गाठ कशी मारायची ते फक्त शब्दांत सांगतो. तो गोंधळतो. मग दुसऱ्याला बोलावून प्रशिक्षक काही न बोलता गाठ मारून दाखवतो. तोही अडकतो, कारण समोरच्याचे हात त्याला उलटे दिसतात आणि कुठल्या क्षणी काय महत्त्वाचं होतं ते त्याला कळत नाही. तिसऱ्या वेळी चारही टप्प्यांनी शिकवलं की शिकणाऱ्याला गाठ येते. ‘सांगितलं होतं की त्याला’ आणि ‘दाखवलं होतं की’ ही दोन्ही उत्तरं का पुरत नाहीत, ते सगळ्यांना डोळ्यांनी दिसतं.

यानंतरचा सगळा भर कामाच्या तक्त्यावर असतो. कागदाचे तीन रकाने : पायरी, महत्त्वाचा मुद्दा आणि कारण. ओ-रिंगचा तक्ता असा होईल. पहिली पायरी, खाच पुसणं. मुद्दा, बोट फिरवून कीस किंवा बर उरलेली नाही हे पाहणं. कारण, बारीक कीससुद्धा रिंग कापते. दुसरी पायरी, रिंगला तेल लावणं. मुद्दा, पातळ थर, सगळीकडून. कारण, कोरडी रिंग घासली जाते आणि दाबताना चिमटते. तिसरी पायरी, रिंग खाचेत बसवणं; मुद्दा, गुंडाळत न्यायची नाही, सरळ ताणून सोडायची; कारण, पीळ राहिला तर पुढे गळती होते. चौथी पायरी, भाग दाबून बसवणं. मुद्दा, सरळ रेषेत, तिरका नाही.

हे चार मुद्दे वाचायला सोपे वाटतात. पण दहा वर्षं ते काम करणाऱ्याला तक्ता लिहायला बसवलं की पहिल्या खेपेला बहुतेक जण पायऱ्याच लिहितात आणि मुद्दे सुटतात. हाताला सवय झालेली गोष्ट शब्दांत येत नाही. म्हणूनच सत्रांतला सर्वांत मोठा वेळ या लिहिण्यासाठी, दुसऱ्यासमोर शिकवून पाहण्यासाठी आणि तक्ता सुधारण्यासाठी ठेवावा लागतो. प्रस्तावात हे वेळेसकट लिहावं. तक्ता कोणत्या भाषेत असेल हेही लिहावं. लाइनवर विदर्भ-मराठवाड्यातली मुलं असतात, तशी बिहार आणि उत्तर प्रदेशातलीही असतात. त्यामुळे सत्र मराठीत झालं तरी तक्ता मराठी आणि हिंदी दोन्हींत लागतो.

कालावधी : चाळीस जण आणि एक दिवस का चालत नाही

आता फोनवरच्या मागणीकडे परत पाहू. उद्दिष्टात प्रत्येक सुपरवायझरने एक काम शिकवून दाखवायचं आहे. एका जणाच्या प्रात्यक्षिकाला आणि त्यावरच्या चर्चेला अर्धा तास धरला तरी चाळीस जणांचे वीस तास झाले. एका दिवसात ते बसतच नाही. मूळ अमेरिकी कार्यक्रमात दहा जणांची बॅच आणि दोन तासांची पाच सत्रं अशी मांडणी होती. त्यामागे हाच हिशेब आहे.

म्हणून प्रस्तावात चाळीसऐवजी वीस जण घ्यावेत : ज्यांच्या लाइनवर नवी मुलं येतात तेवढेच सुपरवायझर. त्यांच्या दहा-दहाच्या दोन बॅच. पहिल्या शिफ्टच्या शेवटच्या दोन तासांत एक बॅच आणि दुसऱ्या शिफ्टच्या पहिल्या दोन तासांत दुसरी. पाच दिवस सलग आणि एकाच आठवड्यात, कारण बहुतेक कारखान्यांत शिफ्ट आठवड्याला बदलते. सत्रं दोन आठवड्यांवर पसरली तर बॅच फुटते आणि निम्मे लोक रात्रपाळीवर निघून जातात. प्रॉडक्शनच्या दृष्टीनेही ही मांडणी सोयीची आहे. चाळीस सुपरवायझर दिवसभर हॉलमध्ये बसवण्यापेक्षा दहा जण दोन तास सोडणं प्लँट हेडला परवडतं.

यानंतर पाठपुरावा. पहिल्या, चौथ्या आणि आठव्या आठवड्यात प्रशिक्षक लाइनवर येईल, सुपरवायझर प्रत्यक्ष शिकवत असताना पाहील आणि तिथेच दुरुस्त्या सुचवेल. हा भाग प्रस्तावातून सर्वांत आधी कापला जातो, कारण त्यात हॉल नसतो, फोटो नसतात, प्रमाणपत्रं नसतात. पण सत्रात शिकलेली पद्धत लाइनवर टिकते की नाही ते इथेच कळतं. खर्च कमी करायचाच असेल तर बॅच कमी करावी, पाठपुरावा कापू नये.

मानधन : हिशेब उघडा ठेवावा

‘एका दिवसाचे इतके’ असा एकच आकडा दिला की घासाघीस त्या आकड्यावर होते. कामाचे भाग दाखवले की बोलणं कामाबद्दल होतं. समजा, प्रशिक्षकाचा सत्राच्या दिवसाचा दर २५,००० रुपये आणि पाहणी, तयारी, पाठपुरावा यांचा दिवसाचा दर १२,००० रुपये आहे. मग हिशेब असा :

- शॉपफ्लोअरची पाहणी, २ दिवस : २४,००० रुपये
- आशय आणि साहित्याची तयारी, २ दिवस : २४,००० रुपये
- सत्रं, ५ दिवस, दोन्ही बॅच : १,२५,००० रुपये
- पाठपुराव्याच्या ३ भेटी आणि अहवाल, मिळून २ दिवस : २४,००० रुपये
- एकूण : १,९७,००० रुपये

प्रशिक्षकाची जीएसटी नोंदणी असेल तर यावर १८ टक्के, म्हणजे ३५,४६० रुपये लागतात आणि बिल २,३२,४६० रुपयांचं होतं. कंपनी महाराष्ट्रातली असेल तर हा कर केंद्र आणि राज्य यांत निम्मा-निम्मा दाखवायचा. गोव्यातल्या कंपनीला बिल करताना तोच कर आयजीएसटी म्हणून एकत्र दाखवावा लागतो. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल तर सहसा नोंदणी बंधनकारक नसते आणि नोंदणी नसेल तर कर लावताही येत नाही. व्यावसायिक सेवा म्हणून कंपनी १० टक्के टीडीएस कापते. जीएसटी वेगळा दाखवला असेल तर ही कपात मूळ १,९७,००० रुपयांवरच होते, म्हणजे १९,७०० रुपये. बँकेत २,१२,७६० रुपये येतात. त्यांतले ३५,४६० सरकारला भरायचे असतात, हे नवा प्रशिक्षक विसरतो आणि तिमाहीच्या शेवटी त्याची धावपळ होते.

प्रवास, मुक्काम आणि छपाई मानधनात धरली आहे की वेगळी, ते एका ओळीत स्पष्ट करावं. पैसे कधी मिळणार हेही लिहावं. कामाचे टप्पे आहेत तसेच पैशांचे टप्पे ठेवता येतात : पर्चेस ऑर्डर आल्यावर ३० टक्के, सत्रं संपल्यावर ५० टक्के, पाठपुराव्याचा अहवाल दिल्यावर उरलेले २०. शेवटचा हप्ता पाठपुराव्याला बांधला की ते काम होणारच, असा विश्वास एचआर हेडनाही वाटतो. मोठ्या कंपनीत व्हेंडर कोड तयार व्हायलाच वेळ जातो, म्हणून पॅन, बँकेचा रद्द केलेला चेक आणि असेल तर जीएसटी प्रमाणपत्र प्रस्तावाबरोबरच द्यावं.

स्वतंत्र प्रशिक्षकाने उद्यम नोंदणी आधी करून घ्यावी आणि तिचा क्रमांक प्रस्तावावर छापावा. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार, लेखी करार असेल तर सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज लागू होतं. ‘९० दिवसांनी पेमेंट, हीच आमची पॉलिसी आहे’ असं अकाउंट्सकडून उत्तर येतं, तेव्हा हा एक क्रमांक उपयोगी पडतो.

रद्द करण्याची अटही आधीच असावी. ठरलेल्या तारखेच्या आठवडाभर आधी कार्यक्रम पुढे ढकलला तर काही आकारणी नाही, त्यानंतर ढकलला तर सत्रांच्या रकमेचा ठरावीक भाग. त्या तारखांना प्रशिक्षकाने दुसरं काम नाकारलेलं असतं.

झालं की नाही, कसं कळणार

सत्र संपल्यावर भरून घेतलेल्या फॉर्मवर ‘उत्तम’ची खूण जवळजवळ सगळेच करतात. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मूल्यमापनाच्या चार पातळ्या सांगितल्या. लोकांना कसं वाटलं, ते काय शिकले, कामावर काय बदललं आणि कंपनीला काय मिळालं. फॉर्म पहिल्या पातळीवरच थांबतो. आपल्या प्रस्तावात दुसरी पातळी पाचव्या सत्रातल्या प्रात्यक्षिकात मोजली जाते आणि तिसरी पाठपुराव्याच्या भेटींत : किती सुपरवायझर खरोखर तक्ता हातात घेऊन शिकवत होते? चौथ्या पातळीसाठी कंपनीने ओ-रिंग स्टेशनवरच्या नव्या मुलांच्या रिजेक्शनची नोंद कार्यशाळेच्या दोन महिने आधीपासून ठेवायला हवी. आधीचा आकडाच नसेल तर नंतर तुलना कशाशी करणार? म्हणून ही विनंती प्रस्तावातच घालावी.

शेवटचा अर्धा पान कंपनीच्या जबाबदाऱ्यांसाठी राखावा. प्रशिक्षक संकोचाने हा भाग टाळतात, पण यश-अपयश बरंचसं इथे ठरतं. सत्राच्या दोन तासांत सुपरवायझरला लाइनवर परत बोलावलं जाणार नाही. नव्या मुलाला शिकवण्यासाठी शिफ्टमध्ये रोज ठरावीक वेळ मिळेल. पहिल्या सत्राची सुरुवात आणि पाचव्या सत्रातली प्रात्यक्षिकं पाहायला प्लँट हेड स्वतः येतील. कंपनी दोन सुपरवायझर निवडेल आणि प्रशिक्षक गेल्यावर तक्ते तपासण्याचं काम त्यांच्याकडे राहील. या चार ओळींखाली एचआर हेडबरोबर प्लँट हेडचीही सही घ्यावी. शिकवायला वेळ देण्याचा अधिकार प्लँट हेडकडे असतो. त्यांची तयारी नसेल तर ते सही करताना थांबतील, आणि ते तेव्हाच कळलेलं दोन्ही बाजूंना स्वस्त पडतं. पर्चेस ऑर्डर निघण्याआधी तारीख पुढे ढकलता येते. पाच दिवस सत्रं होऊन गेल्यावर लाइनवर शिकवायला वेळच मिळत नाही असं उघड झालं, तर कंपनीचे पैसे आणि सुपरवायझरांचे तास दोन्ही वाया गेलेले असतात.